टीपकागदावरचा मिलिग्रॅम

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत आठ जणांनी कोकेन समजून एक पांढरी पूड नाकाने ओढली. ती एलएसडीची शुद्ध पूड होती. काही मिनिटांत त्यांना उलट्या सुरू झाल्या, अंग तापलं, रक्तस्राव झाला, काही जण बेशुद्ध पडले. नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट एलएसडी त्यांच्या शरीरात गेलं होतं. तरीही रुग्णालयातल्या उपचारांनंतर आठही जण वाचले. म्हणून एलएसडी निरुपद्रवी ठरत नाही. भीतीच्या झटक्यात माणूस रस्त्यावर धावतो, गच्चीवरून उडी घेतो, एखाद्याचा मानसिक आजार उफाळून येतो. पण मन भ्रमावणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांच्यात एलएसडीच्या बाबतीत बरंच अंतर आहे. प्रयोगशाळेत घडवलेल्या काही फेनेथिलअमाइन रसायनांमध्ये ते अंतर फारच थोडं उरतं.

राय धान्याच्या कणसावर वाढणाऱ्या अरगट बुरशीतल्या रसायनावरून अल्बर्ट हॉफमन यांनी १९३८मध्ये एलएसडी तयार केलं. फेनेथिलअमाइनचं घराणं वेगळं. पेयोटी निवडुंगातलं मेस्कॅलिन हा त्यातला नैसर्गिक पदार्थ. त्याचा परिणाम जाणवायला शेकडो मिलिग्रॅम लागतात. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच सांगाड्याला नवे अणू जोडत अधिकाधिक तीव्र रेणू बनवले. २००३मध्ये बर्लिनमधल्या राल्फ हाइम यांच्या प्रबंधात २५आय-एनबोम आणि त्याची भावंडं आली. मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका ग्राहीचा अभ्यास करण्यासाठी ती उपयोगी होती. माणसांना देण्याचा विचार त्यामागे नव्हता. २०१०च्या सुमारास मात्र ती इंटरनेटवर विकली जाऊ लागली आणि टीपकागदाच्या चौकोनी तुकड्यांवर चढून अनेकदा एलएसडी म्हणूनच खपली.

दोन्ही रेणू त्याच ग्राहीला चिकटतात. एलएसडी तिला अर्धवट चेतवतं, एनबोम जवळजवळ पूर्ण. ही ग्राही रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असते. त्यामुळे मात्रा थोडी वाढली की भास वाढतातच, शिवाय रक्तवाहिन्या आवळतात, नाडी व रक्तदाब चढतो, शरीराचं तापमान धोक्याच्या पलीकडे जातं, फिट येतात. तापलेल्या, सतत आखडणाऱ्या स्नायूंचे तंतू तुटून मूत्रपिंडं बंद पडू शकतात. घेणारा तरुण असणं, निरोगी असणं यानं संरक्षण मिळत नाही. अमेरिकेत २०१३मध्ये यातल्या तीन रसायनांवर तातडीची बंदी आली ती अशा मृत्यूंनंतरच.

इथे वजनाचा प्रश्न येतो. मिठाचा बारीक कण मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही हलका असतो, आणि एनबोमचा परिणाम एका मिलिग्रॅमच्या आतच सुरू होतो. खिशात मावणारा स्वस्त काटा दहा मिलिग्रॅमच्या टप्प्यांनी वजन दाखवतो. त्याच्या आकड्यात नजरेला न दिसणारी चूकसुद्धा इथे अनेक मात्रांची असते. द्रावणात भिजवलेल्या कागदावरही रसायन सगळीकडे सारखं बसत नाही, त्यामुळे एकाच ताव्यातले शेजारचे दोन तुकडे वेगळे निघतात. एलएसडीसुद्धा मायक्रोग्रॅममध्येच मोजावं लागतं, चुकाही तशाच होतात. पण तिथे दुप्पट-तिप्पट मात्रेनं येणारं संकट बहुधा मनाचं असतं. इथे तेवढ्याच चुकीनं हृदय आणि मेंदू गोत्यात येतात.

चूक काट्याआधीही होते. २००९मध्ये टू-सी-बी-फ्लाय या लेबलखाली विकलेल्या एका खेपेत प्रत्यक्षात त्याचंच जवळचं नातलग, ब्रोमो-ड्रॅगनफ्लाय भरलेलं होतं. पहिल्याची मात्रा मिलिग्रॅमच्या दोन आकड्यांत जाते. दुसरं एका मिलिग्रॅमच्या आतच काम करतं. ज्यांनी लेबलवर विश्वास ठेवून काळजीपूर्वक वजन केलं, त्यांच्या पोटात वीस-वीस पट मात्रा गेली. अमेरिका आणि डेन्मार्कमध्ये माणसं मेली. या रसायनाचा अंमल सावकाश चढतो, त्यामुळे काहीच होत नाही असं वाटून पुन्हा घेण्याचा मोह होतो. तो एक-दोन दिवस टिकूही शकतो. रक्तवाहिन्या इतक्या घट्ट आवळल्या जातात, की स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या हाताची बोटं आणि पावलांचे पुढचे भाग कापावे लागले.

टीपकागद जिभेवर कडू किंवा धातूसारखा लागला, तर तो एलएसडीचा नसण्याची शक्यता मोठी. चव लागली नाही म्हणून मात्र तो सुरक्षित ठरत नाही. एर्लिक नावाच्या रासायनिक चाचणीत एलएसडीनं जांभळा रंग येतो, एनबोमनं येत नाही. पण रंग आल्यानं कागदावर रसायन किती आहे, शिवाय आणखी काय आहे, हे समजत नाही. रुग्णालयातल्या नेहमीच्या लघवी तपासणीत एनबोम सापडत नाही आणि त्यावर उतारा नाही. म्हणून डॉक्टर अहवालाची वाट न पाहता लक्षणांवर उपचार करतात: बेन्झोडायझेपिननं फिट आणि बेफामपणा आवरायचा, अंग थंड करायचं, शिरेतून द्रव द्यायचा. सोबतच्यांनी काय घेतलं होतं ते खरं सांगितलं आणि उरलेला कागद दाखवला, तर हे उपचार लवकर सुरू होतात. अंग भाजल्यासारखं गरम लागणं, अनावर धडपड, फिट किंवा शुद्ध हरपणं यातलं काहीही दिसलं, तर नशा उतरेल म्हणून थांबायचं नाही. रुग्णवाहिका तेव्हाच बोलवायची.