शीर्षक बदललं आणि क्लिक वाढले, पण ऑर्डरचं काय?

बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मग ऑनलाइन विकताना ‘सीताफळ पल्प, 1 किलो’ऐवजी ‘बीडच्या सीताफळाचा पल्प, 1 किलो’ लिहिलं तर फायदा होतो का?

तपासायचं तर फक्त शीर्षक बदला. फोटो, किंमत, जाहिरात, डिलिव्हरीचे पैसे जसेच्या तसे ठेवा. एक आठवडा जुनं, एक आठवडा नवं, असं आलटून पालटून चार आठवडे चालवा. एकदाच बदललं आणि मध्येच दिवाळी आली, तर विक्री कशामुळे वाढली ते कळणारच नाही.

समजा, दोन्ही शीर्षकं प्रत्येकी 4000 वेळा दिसली. जुन्यावर 80 क्लिक आणि 8 ऑर्डर आल्या, नव्यावर 120 क्लिक आणि 9 ऑर्डर. क्लिकचं प्रमाण 2 टक्क्यांवरून 3 टक्के झालं; हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी. क्लिक करणाऱ्यांपैकी विकत घेणारे मात्र 10 टक्क्यांवरून साडेसातवर आले. पण नव्यावर आणखी 3 ऑर्डर आल्या असत्या, तर तेही 10 टक्केच झाले असते. इतक्या कमी ऑर्डरवर निकाल देऊ नका, चाचणी आणखी चालवा.

एक अडचण तरीही उरते. शीर्षकात ‘बीड’ आलं की लिस्टिंग वेगळ्या सर्चमध्येही दिसू लागतं, म्हणजे बघणारेच बदलतात. सर्चचे शब्द वेगळे करून आकडे मिळत असतील, तर ‘सीताफळ पल्प’ शोधणाऱ्यांचेच दोन्हीकडचे आकडे ताडून पाहा.