खलिफाचा एकच प्रश्न

इ.स. 833 मध्ये अब्बासी खलिफा मामून बायझंटाइन सरहद्दीवरच्या मोहिमेत होता. तिथून त्याने बगदादचा कारभार सांभाळणाऱ्या इसहाक इब्न इब्राहीमला पत्र धाडलं. शहरातल्या काजींना आणि धर्मपंडितांना एकेक करून बोलवायचं आणि कुराण निर्माण केलेलं आहे की नाही, हे विचारायचं, असा त्यात हुकूम होता. निर्मित नाही म्हणणाऱ्या काजीचं पद जाणार होतं आणि त्याची साक्षही ग्राह्य धरली जाणार नव्हती. या चौकशीसत्राला अरबीत ‘मिहना’, म्हणजे कसोटी, म्हणतात.

प्रश्न वरवर कोरडा वाटतो. कुराण ही ईश्वराची वाणी, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. वाद होता तो ही वाणी ईश्वराइतकीच अनादी आहे की त्याने ती कधीतरी निर्माण केली, याचा. वेद अनादी की ईश्वरनिर्मित यावर मीमांसक आणि नैयायिक भांडले, त्याच्याशी याचं नातं सहज जुळतं. तर्कावर भर देणाऱ्या मुतझिला पंथाचं म्हणणं असं होतं की अनादी फक्त ईश्वर. वाणीलाही अनादी मानलं, तर त्याच्याबरोबरीने दुसरं काहीतरी उभं राहतं आणि एकेश्वरवादाला तडा जातो. येशूला ईश्वराचा शब्द मानणारे ख्रिस्ती असंच म्हणतात, असा मामूनचा आक्षेप होता. हदीस जपणाऱ्या विद्वानांना उलट भीती होती: वाणीला निर्मित म्हटलं, की ती इतर नश्वर वस्तूंच्या पंगतीला जाऊन बसते. शिवाय प्रेषितांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कधी न काढलेला प्रश्न आज श्रद्धेची अट का व्हावा, हे त्यांना पटत नव्हतं.

इतिहासकार तबरीने या चौकशीच्या हकिकती नोंदवल्या आहेत, आणि त्या वाचताना जीव गुदमरतो. बिश्र इब्न वलीद या जाणत्या काजींनी कुराण ही ईश्वराची वाणी आहे, एवढंच उत्तर दिलं. ते विचारलेलं नाही, निर्मित आहे का ते सांगा, असं इसहाकने बजावलं. ईश्वर सर्व वस्तूंचा निर्माता आहे, असं बिश्र म्हणाले. मग कुराण वस्तू नाही का? आहे. मग ते निर्मित? त्यावर बिश्र म्हणाले, ते निर्माता नाही. याहून पुढे ते जाईनात. इब्न बक्का नावाच्या दुसऱ्या विद्वानांनी आणखी बारीक वाट शोधली. कुराणातच ते ‘केलेलं’ असल्याचा उल्लेख आहे, म्हणून ‘केलेलं’ म्हणायला ते तयार होते. केलेलं ते निर्मितच, हेही त्यांनी कबूल केलं. पण कुराण निर्मित आहे, हे वाक्य त्यांच्या तोंडून निघेना.

ही उत्तरं मामूनला कळवली गेली. तो भडकला. उलट टपाली पत्रात त्याने एकेका विद्वानाची उणीदुणी काढली आणि बिश्रनी ऐकलं नाही तर त्यांचा शिरच्छेद करण्याचा हुकूम दिला. मग बहुतेकांनी मान तुकवली. चौघे अडून राहिले आणि त्यांना बेड्या पडल्या. पुढच्या दोन दिवसांत त्यांतल्या दोघांनी हार मानली. उरले अहमद इब्न हंबल आणि तरुण मुहम्मद इब्न नूह. त्यांना साखळदंडांनी बांधून खलिफाच्या छावणीकडे पाठवलं, पण ते पोहोचण्याआधीच मामून वारला. परतीच्या वाटेवर इब्न नूह यांचंही निधन झालं.

मृत्यूपूर्वी मामूनने भावाला, मुअतसिमला, हे धोरण पुढे चालवायला सांगितलं होतं. मुअतसिमला या वादात मोठा रस नव्हता, तरीही त्याच्यासमोर अहमद यांच्याशी वाद घातला गेला. कुराणातला किंवा प्रेषितांच्या परंपरेतला आधार दाखवा, एवढीच त्यांची मागणी होती. शेवटी त्यांना चाबकाने फोडून काढलं आणि मग सोडून दिलं. ते अखेरपर्यंत नमले नाहीत, असं त्यांचे अनुयायी सांगतात. मुतझिला लेखक जाहिझ मात्र त्यांनी कबुली दिल्याचं लिहितो. मारहाणीबद्दल मात्र दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

पुढचा खलिफा वासिक जास्त कठोर निघाला. इमाम शाफिईंचे इजिप्तमधले शिष्य बुवैती यांना बेड्या घालून बगदादला आणलं गेलं आणि ते तिथल्याच तुरुंगात वारले. 845 मध्ये बायझंटाइनांशी कैद्यांची अदलाबदल झाली, तेव्हा सुटणाऱ्या मुसलमान कैद्यांनाही हाच प्रश्न विचारला गेला. ‘निर्मित’ म्हणायला नकार देणाऱ्यांना सोडवून घेतलं जात नव्हतं. 846 मध्ये बंडाच्या आरोपाखाली पकडलेल्या अहमद इब्न नस्र यांच्यापुढेही वासिकने बंडाचा नव्हे, कुराणाचाच विषय काढला आणि स्वतः तलवार चालवली. त्यांचं शिर बगदादमध्ये लटकवलं गेलं.

847 मध्ये मुतवक्किल गादीवर आला आणि काही वर्षांत हा प्रकार बंद पडला. अहमद यांचा मान इतका वाढला की सुन्नी इस्लाममधल्या चार न्यायपरंपरांपैकी एक त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे दहाव्या शतकात अशअरींनी तोडगा मांडला: ईश्वराची मूळ वाणी अनादी, पण कागदावरची शाई आणि पठणाचा आवाज निर्मित. हंबली पंडितांना तोही मान्य झाला नाही. वाद पुढे चालूच राहिला. पण तो ग्रंथांमधून आणि मदरशांमधून, खलिफाच्या फर्मानाने नव्हे.