विंचूदंशाचा आढावा आणि शेवटच्या पानावरचा तक्ता

कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने एकेकाळी पोरंबाळं हकनाक जात. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध अशा रुग्णांना द्यायला सुरुवात केली आणि 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. पुढे 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत नुसतं प्राझोसिन आणि प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष, अशी तुलना होती. समजा, आज कुणाला जगभरातले असे सगळे अभ्यास गोळा करून ‘प्राझोसिनचा उपयोग होतो का, किती होतो’ या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. अशा कामाला पद्धतशीर आढावा म्हणतात. त्यात निष्कर्षाइतकंच महत्त्व असतं ते अभ्यास कुठे, कोणत्या शब्दांनी आणि कोणत्या तारखेला शोधले याला. ही माहिती परिशिष्टातल्या एका तक्त्यात देतात. तो तक्ता हाती घेऊन दुसऱ्या माणसाला तोच शोध जसाच्या तसा करता आला पाहिजे.

बहुतेक आढाव्यांत मात्र एवढंच वाक्य सापडतं: ‘पबमेड, एम्बेस आणि कॉक्रेन हे डेटाबेस विंचू, दंश, प्राझोसिन या शब्दांनी शोधले.’ यावरून शोध पुन्हा करता येत नाही. शब्द ‘आणि’ने जोडले की ‘किंवा’ने, ते फक्त शीर्षकात शोधले की गोषवाऱ्यातही, यातलं काहीच कळत नाही. म्हणून तक्त्यात शोधाचं वर्णन न देता प्रत्यक्ष चालवलेली ओळ द्यायची असते. पबमेडसाठी ती अशी असू शकेल:

```
#1 "Scorpion Stings"[Mesh] OR scorpion*[tiab] OR tamulus[tiab]
#2 "Prazosin"[Mesh] OR prazosin[tiab]
#3 #1 AND #2
```

`[Mesh]` म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने लेखांना लावलेले ठरावीक विषय-शब्द. `[tiab]` म्हणजे शीर्षक आणि गोषवारा. चांदणीमुळे एकवचन, अनेकवचन आणि त्या मुळापासून सुरू होणारे बाकीचे शब्दही सापडतात. `tamulus` मुद्दाम घातलंय. या लाल विंचवाचं शास्त्रीय नाव आधी ब्यूथस, मग मेसोब्यूथस आणि आता हॉटेनटोटा असं बदलत गेलं, पण पुढचा ‘टॅम्युलस’ कायम राहिला. नुसतं आजचं नाव शोधलं, तर ज्या जुन्या लेखाच्या शीर्षकात विंचवाचं फक्त तेव्हाचं शास्त्रीय नाव आहे, तो हातातून निसटेल.

खुणा न लावता नुसतं `prazosin` टाइप केलं, तर पबमेड आपणहून त्या शब्दाला विषय-शब्दांची जोड देतं आणि टाइप केलेल्याहून वेगळंच काही शोधतं. प्रत्यक्षात काय शोधलं गेलं हे ‘ॲडव्हान्स्ड’ पानावरच्या इतिहासात, त्या ओळीचा तपशील उघडल्यावर दिसतं. तक्त्यात तेच उतरवायचं. ही भाषांतराची कोष्टकं बदलत असतात, विषय-शब्दांची यादीही दरवर्षी सुधारली जाते, त्यामुळे आजचा शोध दोन वर्षांनी तसाच वागेल याची खात्री नसते.

हीच ओळ दुसऱ्या डेटाबेसमध्ये नुसती चिकटवून चालत नाही. ओव्हिड या सेवेवरून मेडलाइन शोधताना पहिली ओळ `Scorpion Stings/ or scorpion*.ti,ab.` अशा धाटणीने लिहावी लागते. म्हणून तक्त्यात डेटाबेसच्या नावाला लागूनच तो कोणत्या सेवेवरून उघडला, हेही लिहायचं. कंसांचा घोटाळा तर याहून छुपा असतो. `scorpion OR tamulus AND prazosin` ही ओळ कंसाशिवाय दिली, तर पबमेड ती डावीकडून उजवीकडे वाचतं. आधी पहिले दोन शब्द एकत्र येतात आणि मग त्यातले प्राझोसिनचे लेख उरतात. वेब ऑफ सायन्स मात्र `AND` आधी सोडवतं, त्यामुळे तिथे प्राझोसिनशी काडीचा संबंध नसलेले विंचवावरचे झाडून सगळे लेख येतात. अशा ठिकाणी आकडा अचानक फुगतो. म्हणूनच शेवटच्या बेरजेबरोबर प्रत्येक ओळीपुढे, म्हणजे #1, #2 आणि #3 पुढे, किती नोंदी सापडल्या तेही लिहावं. चूक नेमकी कुठे शिरली ते त्या आकड्यांवरून लगेच कळतं.

गाळण्यांची नोंद तर हमखास राहून जाते. पबमेडच्या डाव्या बाजूला एकदा केलेली खूण पुढच्या शोधालाही लागू राहते. समजा, ‘गोषवारा उपलब्ध’ ही गाळणी लावलेली राहिली. बावस्करांचं 1986चं लिखाण पत्राच्या स्वरूपातलं होतं आणि अशा पत्रांना गोषवारा नसतो, त्यामुळे ज्या लेखापासून हा विषय सुरू झाला तोच यादीतून गायब होईल. हे टाळायला सोपी चाचणी आहे. आपल्याला आधीच ठाऊक असलेले दोन-चार लेख अंतिम यादीत आले का, ते पाहायचं. आले नाहीत, तर ओळ दुरुस्त करायची आणि तक्त्यात दुरुस्त केलेलीच ओळ द्यायची. गाळणी लावली नसेल तर ‘गाळणी नाही’ असं स्पष्ट लिहावं. रकाना रिकामा राहिला की वाचणाऱ्याला ती लावली नव्हती की लिहायची राहिली, हे कळत नाही.

आता तारीख. ‘शोध मार्च 2024 मध्ये केला’ एवढ्याने भागत नाही. प्रत्येक डेटाबेस ज्या दिवशी शोधला तो दिवस हवा, आणि महिना अक्षरांत हवा. 03/04/2024 म्हणजे आपल्याकडे 3 एप्रिल, अमेरिकेत 4 मार्च. शिवाय शोधाचा दिवस आणि डेटाबेसमधली माहिती कधीपर्यंतची आहे तो दिवस वेगवेगळे असू शकतात. ओव्हिड ही मुदत डेटाबेसच्या नावापुढेच दाखवतं आणि कॉक्रेनच्या चाचण्यांच्या नोंदवहीला अंक क्रमांक असतो. ते दोन्ही जसेच्या तसे टिपावेत.

आढावा लांबला की शोध पुन्हा करावा लागतो. प्रसिद्धीच्या आधीच्या बारा महिन्यांत तो एकदा ताजा झालेला असावा, अशी कॉक्रेनची अपेक्षा असते. इथे बरेच जण लेखाच्या प्रकाशनाचं वर्ष लावून फक्त नवे लेख मागवतात. पण जुना लेख डेटाबेसमध्ये उशिरा दाखल झाला असेल, तर तो पहिल्या शोधात नसतो आणि दुसऱ्यातही येत नाही. पबमेडमध्ये यासाठी नोंद तयार झाल्याची तारीख वापरतात:

```
#3 AND 2024/03/14:2025/02/10[crdt]
```

हा दुसरा शोध तक्त्यात वेगळी ओळ म्हणून यावा. पहिली तारीख खोडून नवी लिहिली, तर मधल्या काळाचा माग पुसला जातो.

गूगल स्कॉलरची ओळही तक्त्यात असावी, पण प्रामाणिकपणे. ते एका शोधाचे पहिले 1000 निकालच दाखवतं आणि वर दिसणारा आकडा अंदाजाचा असतो. म्हणून ‘प्रस्तुततेच्या क्रमाने पहिले 200 पाहिले’ असं लिहिणंच योग्य.

2021 मध्ये आलेल्या प्रिझ्माच्या नव्या नियमावलीत सर्व डेटाबेसांचे पूर्ण शोध आणि तारखा मागितल्या आहेत. केवळ शोधाच्या नोंदीसाठी 16 मुद्द्यांची ‘प्रिझ्मा-एस’ ही वेगळी यादीही त्याच वर्षी आली. नियम आहेत, अडचण येते ती तक्ता लेखाच्या शेवटी, आठवणीतून भरला जातो म्हणून. तो शोधाच्याच दिवशी भरावा. ओळी हाताने टाइप न करता इतिहासातून नक्कल करून घ्याव्यात आणि साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवाव्यात, कारण वर्डमध्ये सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळणदार होतात आणि काही डेटाबेसांना ती ओळखता येत नाहीत. पबमेडचा शोध-इतिहास आठ तास वापर झाला नाही की पुसला जातो, तेव्हा उठण्याआधी तो उतरवून घ्या.