घरच्या फोल्डरची चावी कोणाकडे?

गूगल ड्राइव्हवर घरच्यांसाठी फोल्डर शेअर करताना सगळ्यांना सरसकट ‘एडिटर’ केलं जातं. गोंधळ तिथूनच सुरू होतो. एडिटर मजकूर बदलतो, फाइल दुसरीकडे हलवतो आणि मूळ सेटिंग तसंच असेल तर बाहेरच्या माणसालाही आत घेऊ शकतो.

वरच्या फोल्डरवर दिलेला हक्क आतल्या प्रत्येक फाइलपर्यंत झिरपतो. त्यामुळे वर हात आखडता ठेवावा.

समजा, ‘घर’ फोल्डरमध्ये सातबारा, विम्याचे कागद आणि ताईच्या लग्नाची यादी आहे. वरच्या फोल्डरवर सगळे व्ह्यूअर. ‘लग्न’ या आतल्या फोल्डरवर ताई आणि दादा एडिटर. काका-काकू तिथे कमेंटर: ‘नागपूरच्या मावशी राहिल्या’ असं ते यादीशेजारी लिहितील, पण यादीला हात लागणार नाही.

व्ह्यूअर म्हणजे निरुपद्रवी, असं मात्र नाही. डाउनलोडची सोय बंद केली नसेल तर तो फाइल उतरवून घेऊ शकतो आणि स्क्रीनशॉट तर कोणीच रोखू शकत नाही. आधार-पॅनच्या प्रती म्हणून या फोल्डरबाहेरच ठेवलेल्या बऱ्या.

शेअरच्या खिडकीत General access खाली Anyone with the link दिसलं, तर ते आजच Restricted करा.