वेळ दुप्पट, वाढ तेवढीच

1998 च्या उन्हाळ्यात (तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला जानेवारी-फेब्रुवारी) न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराच्या मध्यभागाला वीज पुरवणाऱ्या चार मोठ्या भूमिगत केबल महिन्याभरात एकामागून एक बंद पडल्या. दोन जुन्या, वायू भरलेल्या होत्या आणि दोन तेल भरलेल्या. बँका, दुकानं आणि कचेऱ्यांचा तो भाग पुढचे कित्येक आठवडे जनरेटरांवर आणि घाईघाईने उभारलेल्या तात्पुरत्या वाहिनीवर चालला. चौकशीत अनेक मुद्दे निघाले. त्यातला एक केबलचा नव्हताच, तो केबलभोवतीच्या मातीचा होता. ही माती केबलची उष्णता किती वेगाने बाहेर नेते?

हवेत टांगलेल्या तारेला वारा थंड करतो. जमिनीखालच्या केबलला मातीशिवाय कोणी नाही. त्यामुळे केबल किती अँपिअर वाहू शकेल, हे तांब्या-ॲल्युमिनियमइतकंच मातीवर ठरतं. आपल्याकडे केबल कंपन्यांच्या माहितीपत्रकात क्षमतेच्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘जमिनीचं तापमान 30 अंश, मातीचा उष्णतारोध 150’. हा 150 चा आकडा एका गृहीत मातीचा आहे. आपल्या चरातली माती तशीच आहे का, हे मोजावं लागतं. मोजण्याचं साधन दिसायला अगदी साधं असतं. ती एक लांब सुई असते.

नेहमीच्या वापरातली सुई साधारण 10 सेंटीमीटर लांब आणि अडीच मिलिमीटरहून किंचित कमी जाड असते. आत सगळ्या लांबीभर तापणारी बारीक तार आणि मध्यावर तापमान सांगणारा थर्मिस्टर किंवा थर्मोकपल असतं. सुई मातीत खुपसायची, मातीच्या तापमानाला येऊ द्यायची, मग ठरावीक वीज सोडायची आणि तापमान किती चढतं ते काही मिनिटं नोंदवायचं. मोजणी एवढीच. खरी गंमत त्या नोंदींचा अर्थ लावण्यात आहे.

उष्णता सुईपासून चहूबाजूंनी दंडगोलासारखी पसरते. सुईच्या मध्यापासून 2 ते 4 मिलिमीटर अंतरातला मातीचा थर घ्या आणि त्याच्या बाहेरचा, 4 ते 8 मिलिमीटरचा थर घ्या. दुसऱ्या थरातून जायला उष्णतेला दुप्पट वाट तुडवावी लागते, पण त्या थराचा घेरही दुप्पट असल्याने वाट तितकीच रुंद झालेली असते. दोन्ही थरांचा अडथळा सारखाच भरतो. 8 ते 16 मिलिमीटरच्या थराचाही तेवढाच. म्हणजे तापलेल्या भागाची त्रिज्या दर वेळी दुप्पट झाली की सुईला तितकंच जादा तापमान चढवावं लागतं.

आता ही त्रिज्या किती वेगाने वाढते? उष्णता मातीत झिरपत जाते आणि झिरपण्याचं अंतर वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. त्रिज्या दुप्पट व्हायला वेळ चौपट लागतो. तेव्हा वेळ दुप्पट झाला की तापमानवाढ दर वेळी एका ठरावीक रकमेने होते. 30 सेकंदांपासून 60 पर्यंत जेवढी, तेवढीच 60 पासून 120 पर्यंत आणि तेवढीच 120 पासून 240 पर्यंत. आडव्या अक्षावर साधा वेळ न मांडता वेळेचा लॉगरिदम मांडला, तर या नोंदी एका सरळ रेषेत बसतात. रेषेचा चढ जितका कमी, तितकी माती उष्णतेला चांगली वाट देणारी.

सूत्र एका ओळीचं आहे. q म्हणजे सुईच्या दर मीटर लांबीमागे दिलेले वॉट, S म्हणजे नैसर्गिक लॉगरिदमवरच्या रेषेचा चढ आणि k ही हवी असलेली उष्णतावाहकता.

k = q / (4πS)

या सूत्रात काय नाही, ते बघण्यासारखं आहे. सुईची जाडी त्यात नाही. मातीची घनता नाही, उष्णता साठवण्याची तिची क्षमताही नाही. सुई आणि माती यांच्यात राहून गेलेली हवेची पातळ फट नाही. हे सगळे घटक रेषेला फक्त वर किंवा खाली सरकवतात, तिच्या चढाला धक्का लावत नाहीत. प्रयोगशाळेत उष्णता मोजताना नेमकी हीच फट सर्वात जास्त छळते. या पद्धतीत तिचा उपद्रव पहिल्या काही सेकंदांपुरता राहतो. माझ्या मते पद्धत टिकून राहण्याचं खरं कारण हेच. स्वीडनमध्ये स्टोलहान आणि प्यूक यांनी 1931 मध्ये ती भुकटी आणि द्रवांसाठी वापरली, नेदरलँड्समध्ये व्हान डर हेल्ड आणि व्हान ड्रूनन यांनी 1949 मध्ये द्रवांसाठी आणखी बांधेसूद केली आणि लगेच 1950 मध्ये हूपर आणि लेपर यांनी जमिनीत खुपसायचा सोटा बनवला.

एक हिशेब करून बघू. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण ओल्या मातीत असेच येतात. सुईला मीटरमागे 5 वॉट दिले. 30 सेकंदांनी तापमान मूळ पातळीपेक्षा 1.05 अंश चढलं, 60 सेकंदांनी 1.28, 120 सेकंदांनी 1.51 आणि 240 सेकंदांनी 1.74. दर दुपटीला 0.23 अंश. दुपटीच्या फरकाने काम करायचं तर सूत्र आणखी सोपं होतं: 5 ला 0.055 ने गुणा आणि 0.23 ने भागा. उत्तर सुमारे 1.2 येतं, म्हणजे मीटर-अंशामागे 1.2 वॉट. केबलवाले याचा व्यस्त घेतात आणि सेंटीमीटरच्या मापात सांगतात: उष्णतारोध 83. माहितीपत्रकातल्या 150 पेक्षा बराच चांगला.

आता हीच माती पार वाळवली. कणांमधल्या पाण्याच्या जागी हवा आली आणि वाहकता 0.3 पर्यंत घसरली. तेवढ्याच विजेला आता दर दुपटीला 0.92 अंश चढतात. उष्णतारोध 333 झाला. 8 सेंटीमीटर जाडीची केबल एक मीटर खोल आहे आणि मीटरमागे 30 वॉट उष्णता सोडते असं धरू. ओल्या मातीत तिच्या पृष्ठभागाचं तापमान जमिनीपेक्षा साधारण 16 अंशांनी चढेल, म्हणजे 30 चं 46 होईल. संपूर्ण कोरड्या मातीत ते 62 अंशांनी चढेल आणि 92 वर जाईल. आजच्या एक्सएलपीई आवरणाच्या केबलमध्ये आतल्या तारेला नेहमीच्या वापरात 90 अंशांची मर्यादा असते आणि आतली तार पृष्ठभागापेक्षा नेहमीच जास्त तापलेली असते. वर दुष्टचक्र असं, की तापलेली केबल स्वतःभोवतीची माती आणखी वाळवते.

म्हणून मोजणी कधी केली, याला आकड्याइतकंच महत्त्व आहे. आपल्या काळ्या मातीत ऑगस्टमध्ये सुई खुपसली तर आकडा झकास येईल. तीच जमीन मे महिन्यात भेगाळते आणि भेगेत हवेशिवाय काही नसतं. शिवाय केबलभोवती पडते ती खोदून काढलेली, सैल झालेली माती. जाणकार प्रयोगशाळा त्यामुळे मातीचा नमुना चरात दाबली जाईल तेवढ्याच घनतेला ठोकून घेते, ओल टप्प्याटप्प्याने कमी करत दर टप्प्याला सुई लावते आणि ओलाव्यासमोर उष्णतारोधाचा वक्र काढून देते. कुठल्या ओलाव्याखाली रोध एकदम वर उसळतो, ते त्या वक्रात दिसतं.

सरळ रेषा ही या पद्धतीची स्वतःची तपासणीही आहे, कारण काही बिघडलं की ती वाकते. सुरुवातीचा बाक सगळ्यांत असतो. सुईचं धातूचं अंग तापायला वेळ लागतो, त्यामुळे पहिली 10 ते 30 सेकंद सोडून द्यायची. शेवटचा बाक वेगळा. ओल्या मातीत उष्णता पाच मिनिटांत साधारण अडीच सेंटीमीटर पोचते. नमुन्याचा डबा त्याहून अरुंद असला तर सुई माती सोडून डब्याची भिंत मोजू लागते. सुई आखूड-जाड असली तर उष्णता टोकांकडून निसटते. मधली पट्टी सरळ आहे तेवढीच कामाची.

मधेच रेषा वर वळू लागली तर संशय ओलाव्यावर घ्यायचा. सुई जास्त तापवल्याने पाणी तिच्यापासून दूर पळत असतं आणि आपण स्वतःच कोरड्या केलेल्या मातीचं माप घेत असतो. पडताळा सोपा आहे: अर्ध्या विजेवर पुन्हा मोजायचं. वाहकता तीच आली तर ठीक, वाढली तर पहिला आकडा फेकून द्यायचा. उन्हाने जमीन हळूहळू तापत असेल तर रेषा तशीही वाकते. त्यासाठी वीज बंद केल्यावर थंड होतानाच्या नोंदीही घेतात आणि दोन्हींची सरासरी काढतात.

द्रवात संकट उलट दिशेने येतं. तापलेलं पाणी हलकं होऊन वर सरकतं, जागेवर गार पाणी येतं आणि रेषा चपटी होते. कागदावर पाणी फार चांगलं उष्णतावाहक दिसू लागतं. 25 अंशांना पाण्याचा खरा आकडा 0.607 आहे, पण जाड सुईने मिनिटभर मोजलं तर त्याच्या जवळही जाता येत नाही. यावर दोन उपाय आहेत. एक, पाण्यात थोडं अगर घालून ते थिजवायचं. आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो तेच. अर्धा टक्का पुरतं आणि वाहकता जवळपास पाण्याचीच राहते. दुसरा, पाणी हलायच्या आत काम उरकायचं. त्यासाठी सुईऐवजी काही मायक्रोमीटर जाडीची प्लॅटिनमची तार घेतात. तीच तापते आणि तिचाच विद्युतरोध तापमान सांगतो. तार इतकी बारीक, की सुरुवातीचा बाक सेकंदाच्या छोट्याशा अंशात संपतो आणि सारी मोजणी सुमारे सेकंदभरात आटोपते. लांब आणि आखूड अशा दोन तारा लावून टोकांची चूकही वजा करता येते.

सुई बरोबर चालते की नाही हे बघायला ग्लिसरीन वापरतात. ते दाट असल्याने सहज हलत नाही आणि त्याची वाहकता 0.285 च्या आसपास असल्याचं पक्कं ठाऊक आहे. सुईने 0.31 दाखवलं तर त्या गुणोत्तराने पुढचे सगळे आकडे दुरुस्त करायचे.

तुमच्या सोसायटीसाठी, कारखान्यासाठी किंवा सौर प्रकल्पासाठी जमिनीखालून केबल टाकायची असेल आणि मातीच्या चाचणीचा अहवाल हातात आला, तर त्यातल्या एका आकड्यावर समाधान मानू नका. तापमान आणि लॉगरिदमचा आलेख मागा, मोजताना मातीत किती ओल होती ते विचारा आणि कोरड्या मातीचा आकडा दिलेला नसेल तर अहवाल परत पाठवा.