दूरस्थ आहारसल्ला : नोंद कशी असावी?

दूरस्थ आहारसल्ल्यात बालकाच्या अंगाला हात लावणारी व्यक्ती एक आणि सल्ला देणारी दुसरी असते. दोघींच्या मध्ये पडद्यावरील चित्र आणि कागदावरील नोंद एवढेच असते. चित्र संपर्क संपताच नाहीसे होते. पुढे बालकास पाहणाऱ्याच्या हाती राहते ती नोंदच. यास्तव काय आढळले याइतकेच काय पाहता आले नाही, हेही त्या नोंदीत असणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल, सत्तरी तालुक्यातील एका उपकेंद्रात आईने आणलेली चौदा महिन्यांची मुलगी घेऊ. परिचारिकेने दृक्‌श्राव्य संपर्काने शहरातील आहारतज्ज्ञांशी गाठ घालून दिली. नोंदीचा आरंभ संमतीने होतो. नोंदणीकृत डॉक्टरांसाठी केंद्र शासनाने मार्च २०२० मध्ये दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. त्यांनुसार रुग्णाने स्वतः संपर्क साधल्यास संमती गृहीत धरली जाते, पण आरोग्य कर्मचाऱ्याने साधल्यास ती स्पष्टपणे घेऊन नोंदवावी लागते. आहारतज्ज्ञांनीही हाच पायंडा पाळणे इष्ट होय. केवळ 'संमती घेतली' एवढे लिहून भागत नाही. कोणत्या भाषेत विचारले, खोलीत आणखी कोण होते, छायाचित्र ठेवण्यास होकार होता की नाही आणि प्रत्यक्ष भेटीचा पर्याय सांगितला काय, हे दोन ओळींत मावते. आईऐवजी सासूबाईंनीच होकार भरला असेल, तर आईस पुन्हा विचारावे आणि तिचेच शब्द लिहावेत.

त्यानंतर मोजमापे. परिचारिकेने मुलीचे वजन केले, ते ७.४ किलो भरले. तीन आठवड्यांपूर्वी अंगणवाडीत ते ६.९ किलो होते. दंडाचा घेर तेव्हा १२२ मिलिमीटर होता, आता १२१. आकड्यांसोबत ते कोठून आले हेही लिहावयाचे असते : वजन परिचारिकेने उपकेंद्राच्या काट्यावर, काटा शून्यावर आणून, एका पातळ झबल्यावर केले, आधीचे वजन दुसऱ्या काट्यावरचे, कपड्यांचा उल्लेख नाही. घेर डाव्या दंडाच्या मध्यावर, बाही काढून, दोनदा मोजला. आईने तोंडी सांगितलेले वजन असते, तर त्यापुढे 'आईचे सांगणे' असे लिहावे. मोजलेला व ऐकलेला आकडा एकाच रकान्यात बसला की दोहोंस सारखेच वजन येते.

आहाराची चौकशीही अशीच. आईने 'दोन वाट्या पेज' सांगितली. आहारतज्ज्ञांनी वाटी पडद्यासमोर धरण्यास सांगितले व परिचारिकेकडून ती पाण्याने मापून घेतली. दीडशे मिलिलिटर भरली. पेज पातळ होती आणि त्यातील निम्मी वाटीतच राहिली होती. दिलेले व खाल्लेले यांत एवढे अंतर असू शकते.

आता मुद्द्याची गोष्ट. पडद्यावर मुलगी गुबगुबीत दिसत होती आणि वजनही वाढले होते. परंतु आहार तुटपुंजा, आणि वजन अर्धा किलो वाढूनही दंड मात्र भरलेला नाही. अशा वेळी ही वाढ मांसाची नसून अंगात साठलेल्या पाण्याची असण्याचा संभव असतो. त्याची परीक्षा सोपी आहे : दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूस अंगठ्याने तीन सेकंद दाबावे आणि अंगठा उचलल्यावर खळगा राहतो काय ते पाहावे. ही परीक्षा बोटांची आहे. पडद्यावरून ती होत नाही. आहारतज्ज्ञांनी परिचारिकेस ती करावयास सांगण्यापूर्वीच संपर्क तुटला. पुन्हा जुळेपर्यंत मायलेकी घरी गेल्या होत्या.

येथे नोंदीचा कस लागतो. 'सूज नाही' असे लिहिले असते, तर ते असत्य ठरले असते. रकाना कोरा सोडला असता, तर वाचणाऱ्याने सूज नसल्याचाच अर्थ काढला असता. आहारतज्ज्ञांनी लिहिले : 'पावलांवरील सूज तपासलेली नाही. ११.४० वाजता संपर्क तुटला. वजनवाढीवर विसंबू नये. परिचारिकेने उद्या सकाळी घरी जाऊन दोन्ही पावले दाबून पाहावीत; खळगा आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.' नुसते 'पाठपुरावा करावा' असे लिहिले असते, तर हे काम कोणाचेच झाले नसते.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पावलांवर खळगा राहिला. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडाचा घेर ११५ ते १२५ मिलिमीटरच्या दरम्यान असल्यास कुपोषण मध्यम समजले जाते. परंतु दोन्ही पावलांवर अशी सूज असल्यास घेर कितीही असो, ते तीव्र होय. परिचारिकेने त्याच नोंदीखाली तारीख, वेळ व आपले नाव घालून निष्कर्ष लिहिला, आहारतज्ज्ञांस दूरध्वनीने कळविले आणि नोंदीची प्रत आईच्या हाती देऊन मुलीस रुग्णालयात रवाना केले. आदल्या दिवशीचा मजकूर तिने खोडला नाही. तपासणी केव्हा राहिली व केव्हा झाली, हे तेथील डॉक्टरांना त्यावरूनच कळावयाचे होते.