एकाच विषयाची ओळख आणि शिफारसपत्र

अमेरिकेत एम.एस.साठी अर्ज करताना बहुतेक विद्यापीठं तीन शिफारसपत्रं मागतात. दोन सहज जमतात. तिसऱ्यासाठी आठवतात त्या मॅडम, ज्यांनी सहाव्या सत्रात फक्त एकच विषय शिकवला होता.

सत्तरांच्या वर्गातला चेहरा दोन वर्षांनी त्यांना आठवेलच असं नाही. म्हणून अशा विनंतीपत्राचं पहिलं काम आठवण करून देणं. ‘मी आपली विद्यार्थिनी होते’ एवढ्यानं भागत नाही. ‘मॅडम, २०२३ मध्ये मी आपल्याकडे सांख्यिकी शिकले. एसटीच्या उशिरांवरचा माझा प्रकल्प आपण नमुना अपुरा म्हणून परत केला होता; मी आणखी दोन आगारांची माहिती घेऊन तो पुन्हा दिला,’ असं लिहिलं की मॅडमच्या हाती लिहिण्याजोगा प्रसंग येतो. सोबत तो अहवाल, गुणपत्रक आणि उद्देशपत्राचा मसुदा जोडावा.

मागणीही ओळखीच्या मापाची हवी. एका विषयावरून नेतृत्वगुणांची ग्वाही मागणं अवघडच. विश्लेषणाबद्दल मात्र त्या खात्रीनं लिहू शकतात.

‘पत्र द्याल का?’ याला भिडेखातर होकार मिळतो आणि मग येतं हजेरी-गुणांचं कोरडं पत्र. त्यापेक्षा ‘माझ्या कामाबद्दल ठामपणे लिहिता येईल असं वाटतं का? नसेल तर तसं जरूर कळवा,’ असं विचारलेलं बरं. डिसेंबरची मुदत असेल, तर हे पत्र ऑक्टोबरातच जायला हवं. नकार आला तरी दुसरं दार ठोठावता येतं.